खटल्याच्या मध्यावर वकील बदलताना

फौजदारी खटला सुरू असताना आरोपीला आपला वकील बदलता येतो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 22(1) नुसार अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. हाच हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 303 मध्ये होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 340 मध्ये तो कायम आहे. खटल्याच्या सुरुवातीला एक वकील नेमला की हा हक्क संपला, असे कायदा कुठेही म्हणत नाही. विश्वास उडाला, वकील तारखांना येत नाही, फी परवडेनाशी झाली, वकील आजारी पडला किंवा दुसऱ्या शहरात गेला, यांपैकी कोणत्याही कारणाने वकील बदलता येतो. आरोपीने कारण सिद्ध करावे अशी अटही नाही.

या हक्काला एक मर्यादा मात्र आहे. वकील बदलला म्हणून खटला मागे जात नाही. झालेले साक्षीपुरावे झालेलेच राहतात, ठरलेली तारीख ठरलेलीच राहते आणि आधीच्या वकिलाने आरोपीच्या वतीने केलेली विधाने बहुतेक वेळा आरोपीला चिकटून राहतात. म्हणून आरोपीचे नुकसान होते ते वकील बदलल्यामुळे नव्हे, तर बदल ज्या पद्धतीने होतो त्यामुळे. जुन्या वकिलाचा अधिकार संपलेला आहे, नव्याचा सुरू झालेला नाही आणि मधल्या तारखेला साक्षीदार हजर आहे, अशी स्थिती सर्वांत घातक असते. त्या खालोखाल धोकादायक म्हणजे नवा वकील हजर आहे, पण त्याच्या हातात फाइल अर्धवट आहे. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी वकीलपत्र, जुन्या वकिलाची संमती आणि फाइलचे हस्तांतर यांची नीट माहिती हवी.

वकीलपत्र म्हणजे काय

वकीलपत्र हा पक्षकाराने वकिलाला दिलेला लेखी अधिकार. त्यात न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, वकिलाचे नाव व पत्ता, दिलेले अधिकार, तारीख, पक्षकाराची सही आणि ते स्वीकारल्याबद्दल वकिलाची सही असते. त्यावर नियमाप्रमाणे कोर्ट फी आणि वकील कल्याण निधीचा मुद्रांक लावून ते न्यायालयात दाखल केले जाते. दाखल झाल्यावरच न्यायालयाच्या दृष्टीने तो वकील त्या आरोपीचा वकील ठरतो. घरी कोऱ्या छापील नमुन्यावर सही करून दिली आणि ती वकिलाच्या बॅगेतच राहिली, तर न्यायालयापुरता त्या कागदाला अर्थ नसतो.

वकीलपत्र आणि मुखत्यारपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र केले म्हणून तो आरोपीच्या वतीने फौजदारी न्यायालयात उभा राहून युक्तिवाद करू शकत नाही. त्याला न्यायालयाची परवानगी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने टी. सी. मथाई प्रकरणात 1999 मध्ये स्पष्ट केले. खटल्यात खरा अधिकार चालतो तो वकीलपत्राचाच.

वकीलपत्रातील दोष क्षुल्लक वाटतात, पण ऐन वेळी अडचणीत आणतात. उदय शंकर त्रियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेहमी आढळणाऱ्या अशा दोषांची यादीच दिली आहे. सही कोणाची हे न लिहिणे, वकिलाने स्वीकृतीची सही न करणे, वकिलाचा पत्ता नसणे, एकाच वकीलपत्रावर अनेकांच्या सह्या असून कोणती सही कोणाची हे न कळणे, हे त्यातले काही. शेवटचा दोष फौजदारी खटल्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. एका कुटुंबातले पाच आरोपी आधी एकाच वकीलपत्रावर सह्या करतात आणि पुढे त्यांतला एकच जण वकील बदलतो. तेव्हा नव्या वकीलपत्रावर ‘आरोपी क्रमांक 3 तर्फे’ असे स्वच्छ लिहिलेले असले पाहिजे. नाहीतर उरलेल्या चौघांचा वकील कोण, हा प्रश्न भर सुनावणीत उभा राहतो.

आरोपी तुरुंगात असेल तर सही घेण्याची रीत वेगळी असते. वकीलपत्र तुरुंगात पाठवले जाते किंवा मुलाखतीच्या वेळी नेले जाते, आरोपी तुरुंगाधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करतो आणि अधिकारी आपल्या सहीशिक्क्याने ते साक्षांकित करतो. यात काही दिवस जाऊ शकतात. त्यामुळे तारीख तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा वकील बदलायचे ठरताच हे काम हाती घ्यावे. आरोपीला न्यायालयात आणले जाते त्या दिवशीही न्यायालयाच्या परवानगीने सही घेता येते. पण हल्ली अनेक तारखांना आरोपीला प्रत्यक्ष न आणता व्हिडिओद्वारे हजर केले जाते, हे लक्षात ठेवावे.

जुन्या वकिलाची संमती

नव्या वकिलाने वकीलपत्र दाखल केले की जुन्याचे आपोआप रद्द होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतील नियम 39 सांगतो की, एखाद्या पक्षकारातर्फे आधीच वकीलपत्र दाखल असेल तर दुसऱ्या वकिलाने आधीच्या वकिलाच्या संमतीशिवाय हजर होऊ नये. संमती मिळत नसेल तर ती का मिळाली नाही, याची कारणे देऊन न्यायालयाकडे अर्ज करावा आणि परवानगी मिळाल्यावरच हजर व्हावे. व्यवहारात ही संमती नव्या वकीलपत्रावरच जुन्या वकिलाने ‘ना हरकत’ असे लिहून सही करून दिली जाते, किंवा तो तशी पुरसीस दाखल करतो.

संमती नाकारणे म्हणजे वकील बदलण्यावर नकाराधिकार वापरणे नव्हे. जुना वकील फी थकल्याचे सांगून ना हरकत देत नसेल, तर नव्या वकिलाने दोन परिच्छेदांचा साधा अर्ज करावा. आरोपीने वकील बदलण्याचे ठरवले आहे, अमुक तारखेला जुन्या वकिलांना पत्र पाठवून संमती मागितली, ती मिळालेली नाही, तरी नवे वकीलपत्र दाखल करून घ्यावे, एवढे पुरते. सोबत पत्राची प्रत आणि ते पोहोचल्याची पोच जोडावी. आरोपीच्या पसंतीचा वकील हा घटनात्मक हक्क असल्यामुळे केवळ फीच्या वादासाठी त्याला नको असलेल्या वकिलाशी बांधून ठेवता येत नाही.

उलट बाजूने वकिलालाच खटला सोडायचा असेल, तर त्यालाही बंधन आहे. नियम 12 प्रमाणे स्वीकारलेले काम पुरेशा कारणाशिवाय आणि पक्षकाराला वाजवी मुदतीची नोटीस दिल्याशिवाय सोडता येत नाही. सोडताना न केलेल्या कामापोटी घेतलेली फी परत करावी लागते. साक्षीदार साक्षीच्या पिंजऱ्यात उभा असताना ‘मी या खटल्यातून माघार घेतो’ अशी पुरसीस देऊन निघून जाणे या नियमात बसत नाही.

फाइलमध्ये काय असते

फाइल म्हणजे एकसारख्या कागदांचा गठ्ठा नव्हे. तिच्यात तीन प्रकारचे कागद असतात आणि प्रत्येकाचा उगम वेगळा असतो. हा फरक समजला तर फाइल हातात न आल्यानेही सगळेच अडत नाही.

पहिला प्रकार न्यायालयाच्या रेकॉर्डवरचा. दोषारोपपत्र आणि त्यासोबतचे जबाब, पंचनामे, वैद्यकीय प्रमाणपत्रे, ठेवलेला आरोप, साक्षीदारांच्या साक्षी, निशाण्या दिलेले दस्तऐवज, अर्ज आणि त्यांवरचे आदेश, रोजनामा. दोषारोपपत्राच्या प्रती आरोपीला विनामूल्य मिळालेल्या असतात, साक्षींच्या आणि आदेशांच्या प्रमाणित नकला नक्कल विभागातून मिळतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याच्या सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकावरून पुढची तारीख, आधीच्या तारखांना काय झाले आणि अपलोड झालेले आदेश कोणालाही पाहता येतात. म्हणजे जुन्या वकिलाने एक कागदही दिला नाही, तरी हा भाग नव्याने उभा करता येतो. वेळ आणि नकलांचा खर्च तेवढा लागतो.

दुसरा प्रकार आरोपीने किंवा त्याच्या घरच्यांनी वकिलाला दिलेल्या मूळ वस्तूंचा. घटनेच्या दिवसाचे एसटीचे तिकीट, दवाखान्याची मूळ पावती, सातबारा, फोटो, मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह. याची दुसरी प्रत कुठेच नसते. खरा धोका इथे आहे. हे गहाळ झाले तर बचावाचा पुरावाच जातो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या बाबतीत मूळ फोन कोणाकडे आहे, प्रत कोणी आणि केव्हा काढली, हेही लिहून घ्यावे लागते. तो पुरावा दाखल करताना कायद्याने जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यासाठी ही माहिती उपयोगी पडते.

तिसरा प्रकार जुन्या वकिलाने तयार केलेल्या टिपणांचा. उलटतपासाची तयारी, साक्षीदारागणिक मुद्दे, आरोपीशी झालेल्या चर्चेच्या नोंदी. हे नियमाने मागून मिळेलच असे नाही, पण समंजस वकील ते देतो किंवा निदान तासभर बसून सांगतो. आरोपीला सर्वांत जास्त उपयोग होतो तो या तासाभराचा. कारण काय झाले ते रेकॉर्डवर असते, पण ते तसे का केले हे रेकॉर्डवर नसते.

थकलेली फी आणि अडवलेली फाइल

फी मिळेपर्यंत फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात 2000 मध्ये निकाली काढला. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेने आपल्या वकिलाला कामावरून दूर करून फाइली परत मागितल्या होत्या. आपली 97,100 रुपये फी बाकी आहे, ती मिळाल्यावरच फाइली देऊ, असे वकिलाचे म्हणणे होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याला अठरा महिने वकिलीस मनाई आणि दंडाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कमी करून फक्त ताकीद दिली, पण तत्त्वावर तडजोड केली नाही. खटल्याचे कागद म्हणजे विकून पैसे वसूल करता येतील असा माल नव्हे, त्यामुळे करार कायद्यातला मालावरचा धारणाधिकार त्यांना लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निरक्षर पक्षकारांची संख्या मोठी असलेल्या देशात असा हक्क मान्य केला तर त्याचा मोठा गैरवापर होईल, हेही न्यायालयाने नमूद केले. पक्षकाराने वकील बदलला की कागद परत करणे हे वकिलाचे कर्तव्य आहे आणि ते न करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते.

याचा अर्थ वकिलाची फी बुडवावी असा नाही. फीसाठी त्याला दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. केलेल्या कामाचा हिशेब करून रक्कम ठरवणे आणि देणे ही आरोपीच्या बाजूचीही जबाबदारी आहे. मात्र हे दोन हिशेब वेगळे आहेत. एक पैशाचा, दुसरा आरोपीच्या स्वातंत्र्याचा. वारंवार लेखी मागणी करूनही फाइल मिळत नसेल तर अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 च्या कलम 35 खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते. पण तक्रारीचा निकाल लागायला वेळ लागतो आणि खटला तोवर थांबत नाही. म्हणून तक्रार करतानाच नकलांचा अर्जही टाकावा.

एक उदाहरण

समजा, शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत खुनाचा प्रयत्न केल्याचा आरोप असलेला एक तरुण कच्चा कैदी म्हणून तुरुंगात आहे. सत्र न्यायालयात सरकार पक्षाचे चार साक्षीदार तपासून झाले आहेत. जखमी, त्याचा भाऊ, एक पंच आणि एक शेजारी. पुढची तारीख चौदा दिवसांवर आहे आणि त्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याची साक्ष आहे. त्यानंतर तपास अधिकारी. या टप्प्यावर घरच्यांनी वकील बदलायचे ठरवले.

नव्या वकिलाने पहिल्याच दिवशी ई-कोर्ट्सवर पुढची तारीख आणि टप्पा पाहिला, चारही साक्षींच्या आणि रोजनाम्याच्या नकलांसाठी अर्ज टाकला आणि वकीलपत्र तुरुंगात पाठवले. आरोपीच्या भावाने जुन्या वकिलांना सभ्य भाषेत पत्र दिले. आजवरच्या कामाबद्दल आभार, फीचा हिशेब कळवण्याची विनंती, फाइल आणि ना हरकत अमुक तारखेपर्यंत देण्याची विनंती. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. हे पत्र भांडणाचे नसावे. पुढे अर्ज करायची वेळ आली तर हेच पत्र न्यायालयासमोर जाते.

चौथ्या दिवशी फाइल मिळाली. ती घेताना दोन प्रतींत यादी केली गेली. कागदाचे नाव, पाने, मूळ की छायाप्रत. ‘दोषारोपपत्र, छायाप्रत’, ‘दवाखान्याची पावती, मूळ’, ‘पेन ड्राइव्ह, एक’ अशा नोंदी झाल्या आणि देणारा व घेणारा यांनी प्रत्येक पानावर सह्या केल्या. ही यादी दोघांचेही रक्षण करते. पुढे एखादा कागद सापडला नाही, तर तो कोणाकडे होता यावर वाद होत नाही.

आता नव्या वकिलाला साक्षी वाचायच्या आहेत आणि इथेच कसब लागते. जखमीच्या उलटतपासाच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी प्रथम कोयता उगारला म्हणून आरोपीने काठी मारली.’ वरवर पाहता हा साक्षीदाराचा नकार आहे. पण जुन्या वकिलाने केलेल्या या सूचनेतून बचावाची भूमिका उघड होते. आरोपी जागेवर होता, त्याने काठी मारली, पण स्वसंरक्षणासाठी. घरच्यांनी मात्र नव्या वकिलाला सांगितले आहे की मुलगा त्या वेळी तालुक्याच्या गावी होता आणि एसटीचे तिकीट आहे. नव्या वकिलाने फाइल न वाचता गैरहजेरीचा बचाव सुरू केला, तर एकाच आरोपीचे दोन परस्परविरोधी बचाव रेकॉर्डवर येतील आणि दोन्ही कोसळतील. बाळू सुदाम खळदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, बचावाच्या वकिलाने उलटतपासात केलेली सूचना आरोपीला अडचणीत आणणारी असेल तर ती त्याच्यावर बंधनकारक ठरू शकते. त्यामुळे नव्या वकिलाने आधी तुरुंगात जाऊन आरोपीशी एकट्याने बोलले पाहिजे, घरच्यांच्या सांगण्यावर थांबता कामा नये. जुन्या वकिलाला ही सूचना कोणाच्या सांगण्यावरून केली, हेही विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. शेजाऱ्याने न्यायालयात सांगितले की आरोपीने दोनदा काठी मारली. पोलिसांसमोरच्या जबाबात मात्र एकदाच मारल्याचे लिहिले आहे. जुन्या वकिलाने उलटतपासात ही विसंगती त्याच्या नजरेस आणली, त्याने तसे सांगितल्याचे नाकारले आणि जबाबातला तेवढा मजकूर ‘अ’ अशी खूण करून ठेवला गेला. पण एवढ्याने विसंगती सिद्ध होत नाही. ज्या पोलीस अधिकाऱ्याने तो जबाब नोंदवला, त्याच्या साक्षीत ‘खूण अ असलेला मजकूर साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच मी लिहिला’ हे वदवून घ्यावे लागते. हे काम तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासात, म्हणजे वकील बदलल्यानंतर, करायचे आहे. नव्या वकिलाला ‘अ’ या खुणेचा पत्ता नसेल, तर जुन्याने मेहनतीने मिळवलेला मुद्दा वाया जातो. हस्तांतराच्या यादीत म्हणून एक वेगळे पान हवे: कोणत्या साक्षीदाराच्या जबाबातील कोणता भाग सिद्ध करायचा बाकी आहे आणि तो कोणाच्या तोंडून.

तिसरे, रोजनामा. दस्तऐवजांची यादी देऊन सरकार पक्षाने कबुली की नाकबुली विचारलेली असते आणि वकिलाने त्यावर शेरा मारलेला असतो. जखमेचे प्रमाणपत्र कबूल केले असेल तर ते सहीदार डॉक्टरच्या साक्षीशिवायही वाचले जाऊ शकते. असा शेरा आहे का, हे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या तारखेआधी कळलेच पाहिजे. रोजनाम्यातच जामिनाचे पूर्वीचे अर्ज आणि त्यांचे निकालही दिसतात. नव्या जामीन अर्जात आधीच्या सर्व अर्जांचा उल्लेख असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या कुशा दुरुका प्रकरणात बजावले आहे. नव्या वकिलाला आधीचा अर्ज माहीत नव्हता, ही सबब आरोपीच्या मदतीला येत नाही.

नवव्या दिवशी तुरुंगातून साक्षांकित वकीलपत्र आले, त्यावर जुन्या वकिलाची ना हरकत घेतली गेली आणि दहाव्या दिवशी ते दाखल झाले. तारखेच्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याचा उलटतपास नव्या वकिलाने घेतला. जुन्या वकिलाचे वकीलपत्र त्या दिवसापर्यंत रेकॉर्डवर होते, त्यामुळे आरोपी एक क्षणही वकिलाविना राहिला नाही.

मुदत आणि साक्षीदार पुन्हा बोलावणे

वरचे वेळापत्रक चुकले तर काय होते? वकील बदलला म्हणून मुदत मिळेलच याची खात्री नाही. साक्ष सुरू झाल्यावर खटला दिवसागणिक चालवावा, असे कायदा सांगतो. जुन्या संहितेचे कलम 309 आणि नव्याचे 346 यांनुसार साक्षीदार हजर असताना वकील नसेल किंवा तयार नसेल, तर न्यायालय उलटतपासाशिवायही पुढे जाऊ शकते. रेकॉर्डवर मग ‘उलटतपास नाही’ एवढाच शेरा राहतो आणि त्या साक्षीदाराचे म्हणणे अबाधित ठरते.

तपासून झालेले साक्षीदार नव्या वकिलासाठी पुन्हा बोलावता येतील, ही आशा तर फार जपून धरावी. आवश्यक वाटल्यास साक्षीदार परत बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला कलम 311, आताचे कलम 348, खाली आहे. पण 2015 मध्ये दिल्ली राज्य विरुद्ध शिवकुमार यादव या प्रकरणात त्याची सीमा आखली गेली. टॅक्सीतल्या बलात्काराच्या त्या खटल्यात सरकार पक्षाचे 28 साक्षीदार तपासून झाल्यावर आरोपीने वकील बदलला आणि नव्या वकिलाने अनेक साक्षीदार परत मागितले. सत्र न्यायालयाने अर्ज फेटाळला, उच्च न्यायालयाने पीडितेसह 13 जणांना परत बोलावण्यास परवानगी दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आधीच्या वकिलाने उलटतपास नीट घेतला नाही असे नव्या वकिलाला वाटणे, एवढे कारण पुरेसे नाही, असे न्यायालयाने ठरवले. तसे झाले तर प्रत्येक वकीलबदलाबरोबर खटला नव्याने सुरू होईल आणि साक्षीदारांना, विशेषतः पीडितांना, त्याच यातनेतून पुन्हा जावे लागेल. अर्ज करायचा असेल तर कोणता ठोस प्रश्न राहिला, तो कशाच्या आधारे विचारायचा आहे आणि त्याने निकालावर काय फरक पडेल, हे दाखवावे लागते. एखाद्या निशाणीचा प्रश्नच विचारला गेला नव्हता, असे रेकॉर्डवरून दाखवता आले तर अर्जाला बळ येते. ‘वकील बदलला’ या एका ओळीने येत नाही.

सरकारी खर्चाने मिळणारा वकील

आरोपीला वकील परवडत नसेल, किंवा जुना सोडून गेला आणि नवा मिळाला नाही, तर बचाव सरकारच्या खर्चाने करण्याची तरतूद आहे. कोठडीत असलेली व्यक्ती विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार विनामूल्य वकिलास पात्र असते. अर्ज तुरुंगातून किंवा थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. अनेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयातले वकील हे काम पाहतात.

अशा नेमणुकीतही तयारीसाठी वेळ मिळणे हा आरोपीचा हक्क आहे. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 2019 च्या निकालात, ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवला गेला, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवण्यास सांगितले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यांत नेमलेल्या वकिलाला निदान दहा वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीसाठी साधारण किमान सात दिवस मिळावेत, असे निकषही न्यायालयाने घालून दिले. नेमलेला वकील बदलून हवा असेल तर कारण लिहून प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयाकडे अर्ज करावा.

जुन्या वकिलाचे गोपनीयतेचे बंधन

काम संपले तरी जुन्या वकिलाची गुप्तता संपत नाही. आरोपीने विश्वासाने सांगितलेले त्याला उघड करता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्ये, पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम 126 प्रमाणेच, हे बंधन व्यावसायिक संबंध संपल्यावरही चालू राहते असे म्हटले आहे. एका वकिलाकडे असलेल्या अनेक आरोपींपैकी एक जण बाहेर पडतो, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे लागते. जो गेला त्याने सांगितलेले वापरून उरलेल्यांचा बचाव करणे हा विश्वासघात होईल. बचाव एकमेकांवर दोष ढकलण्याकडे जात असेल, तर जुन्या वकिलाने उरलेल्यांचेही काम सोडावे, हेच उचित.

खटला संपून शिक्षा झाल्यावर वकील बदलायचा असेल, तर अपिलासाठी नवे वकीलपत्र द्यावे लागते. मुदत मात्र बदलत नाही. उच्च न्यायालयातील अपिलासाठी ती 60 दिवस, इतर न्यायालयात 30 दिवस आणि सत्र न्यायालयाने दिलेल्या फाशीच्या शिक्षेविरुद्ध 30 दिवस असते. फाइल मिळत नाही म्हणून हे दिवस थांबत नाहीत. निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते आणि तेवढ्यावर अपील दाखल करता येते.

वकील बदलणाऱ्या कुटुंबाने क्रम एवढाच पाळावा: आधी पुढची तारीख पाहावी, मग नकलांचा अर्ज टाकावा, मग यादी करून फाइल आणि ना हरकत घ्यावी, नवे वकीलपत्र दाखल करावे आणि ते दाखल होईपर्यंत जुन्या वकिलाला रेकॉर्डवरून जाऊ देऊ नये.